कोण कोणाला घरी पाठवू शकतं?

(नाशिक इथे राज्यशास्त्राच्या शिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात)

मित्रहो, आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो असा: संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतींची तुलना छोट्या केसेसमधून कशी शिकवावी आणि उत्तरांना गुण कसे द्यावेत. गुणदानाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाबद्दल बोलू द्या, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आपल्याकडे हा प्रश्न आला की मुलं पानावर मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे 'पंतप्रधान असतो', उजवीकडे 'राष्ट्राध्यक्ष असतो'. डावीकडे 'भारत, इंग्लंड', उजवीकडे 'अमेरिका'. दहा मुद्दे, दहा गुण. मुलाने काही चुकीचं लिहिलेलं नसतं, आणि तरीही त्याला विषय समजलाय की नाही हे आपल्याला त्या उत्तरावरून कळत नाही. त्याच मुलासमोर देशाचं नाव काढून दोन परिच्छेद ठेवा आणि ही कोणती पद्धत आहे ते विचारा. तो आधी 'राष्ट्राध्यक्ष' हा शब्द शोधतो. सापडला की अध्यक्षीय, नाही सापडला की संसदीय. म्हणजे पाटी बघून दुकान ओळखायचं, आत काय विकतात ते बघायचंच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला एकच प्रश्न विचारायला शिकवा: इथे कोण कोणाला, किती मतांनी आणि काय कारण देऊन घरी पाठवू शकतं? या प्रश्नाच्या तिन्ही भागांचं उत्तर मिळालं की पद्धत ओळखता येते. त्यासाठी 1999 या वर्षाइतकं चांगलं वर्ष मला दुसरं सापडत नाही.

त्या वर्षी 12 फेब्रुवारीला अमेरिकेच्या सिनेटने राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाचा निकाल दिला. आरोप दोन होते. खोट्या साक्षीच्या आरोपावर 45 सदस्यांनी दोषी म्हटलं, 55 जणांनी निर्दोष. न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याच्या आरोपावर 50 विरुद्ध 50. सिनेटमध्ये विरोधी पक्षाचे 55 सदस्य होते, प्रतिनिधिगृहातही बहुमत त्यांचंच होतं. तरी क्लिंटन पदावर राहिले, कारण दोषी ठरवायला दोनतृतीयांश, म्हणजे 100 पैकी 67 मतं लागत होती.

दोन महिन्यांनी, 17 एप्रिलला, आपल्या लोकसभेत वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने 269, विरोधात 270. सरकार पडलं.

हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहा आणि वर्गाला थोडा वेळ द्या. तिकडे निम्मं सभागृह 'दोषी' म्हणतं आणि माणूस जागचा हलत नाही, इकडे एका मताने आख्खं मंत्रिमंडळ जातं. का? मुलं पटकन म्हणतील, 'तिकडे दोनतृतीयांश लागतं, इकडे साधं बहुमत.' बरोबर आहे, पण ते निम्मं उत्तर झालं. कारणाचं काय? क्लिंटन यांच्यावर काहीतरी गंभीर गैरकृत्य केल्याचा आरोप ठेवावा लागला. तो प्रतिनिधिगृहाने मंजूर केला, मग सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली सिनेटमध्ये खटला चालला. वाजपेयींवर कोणता आरोप होता? कोणताही नाही. अण्णा द्रमुकने 18 खासदारांचा पाठिंबा काढला, राष्ट्रपती नारायणन यांनी बहुमत सिद्ध करायला सांगितलं, आणि ते झालं नाही. संसदीय पद्धतीत सभागृहाला कारण द्यावं लागत नाही. 'तुमच्यावर विश्वास नाही' एवढं पुरतं. घटनेच्या कलम 75 मध्ये मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे असं म्हटलंय, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

आता त्या एका मताचं. हे सांगितल्याशिवाय कोणताच वर्ग सोडत नाही, म्हणून आपणही ते नीट सांगावं. गिरिधर गमांग फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते. विधानसभेचे सदस्य ते अजून नव्हते. कलम 164 प्रमाणे त्यांना सहा महिन्यांची मुदत होती आणि खासदारकीचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. त्यांनी मतदान करावं की नाही यावर सभागृहात गदारोळ झाला. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडला. गमांग यांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. त्याच दिवशी नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनीही पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं, म्हणजे एका मताचा हिशेब लावायचाच तर तो दोघांच्या नावावर लावता येतो. वर्गात इथपर्यंत आलं की नैतिकतेवर चर्चा रंगते आणि तास संपतो. कृपया तसं होऊ देऊ नका. या प्रसंगातलं राज्यशास्त्र वेगळ्या जागी आहे. मुख्यमंत्री झालेला माणूस खासदार म्हणून मत देऊ शकतो, कारण आपल्याकडे कार्यकारी पद आणि कायदेमंडळाचं सभासदत्व एकत्र नांदतं. नुसतं नांदतं असं नाही, मंत्र्याला सहा महिन्यांत सभासद व्हावंच लागतं. अमेरिकेत उलट. 2009 मध्ये हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री झाल्या तेव्हा त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली. केस लिहिताना हा सभासदत्वाचा धागा फार उपयोगी पडतो, आणि तोच मुलांना कसा फसवतो ते आता दाखवतो.

पुढची केस मी जशी वर्गात द्यावी तशीच वाचतो. लांबी साधारण साठ शब्द, नाव गाळलेलं.

'एका देशात राष्ट्राध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख आहे. निवडणुकीनंतर कनिष्ठ सभागृह आपल्या सदस्यांमधून त्याची निवड करतं. निवड झाली की त्याचं सभासदत्व संपतं. 2017 मध्ये 400 सदस्यांच्या या सभागृहात त्याच्याविरुद्ध अविश्वास ठराव आला. ठरावाच्या बाजूने 177, विरोधात 198 मतं पडली, 9 जण तटस्थ राहिले. ठराव बहुमताने संमत झाला असता तर राष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला असता. पद्धत ओळखा आणि कारणं द्या.'

हा देश दक्षिण आफ्रिका, राष्ट्राध्यक्ष झुमा. पद्धत संसदीय. दोन गोष्टी निर्णायक आहेत: निवड सभागृहाकडून होते, आणि गैरकृत्य सिद्ध न करता साध्या बहुमताने, म्हणजे 201 मतांनी, सरकार जाऊ शकतं. फसव्या गोष्टीही दोन: 'राष्ट्राध्यक्ष' हे पदनाम आणि सभासदत्व संपणं. हुशार मुलगा पदनामाला फसत नाही, पण सभासदत्वाला हमखास फसतो. 'सत्ताविभाजन आहे, म्हणून अध्यक्षीय' असं लिहितो. आणखी एक चूक नेहमी दिसते: ठराव फेटाळला गेला म्हणून 'सभागृह त्याला काढू शकत नाही' असा निष्कर्ष. ठराव पडणं वेगळं आणि ठराव मांडण्याचा अधिकारच नसणं वेगळं, हे तिथेच थांबून सांगावं लागतं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलंय, तेव्हा गुणदान भरभर सांगतो.

केस दहा गुणांची. पद्धत ओळखण्याला फक्त 1 गुण. इथे 3–4 गुण ठेवले की नाणं उडवून लिहिणाऱ्यालाही ते मिळतात. पुराव्याला 4 गुण: दोन पुरावे, प्रत्येकी 2, त्यातला एक केसमधली नेमकी गोष्ट उचलल्याबद्दल आणि एक तिच्यावरून निष्कर्ष कसा निघतो ते सांगितल्याबद्दल. फसवी गोष्ट ओळखून ती का निर्णायक नाही हे सांगण्याला 2. उरलेले 3 'हाच प्रसंग दुसऱ्या पद्धतीत घडला असता तर?' या उपप्रश्नाला.

उदाहरण घ्या. समजा, एकाने लिहिलं: 'अध्यक्षीय, कारण राष्ट्राध्यक्ष आहे. पण तिथे अविश्वास ठराव येतो आणि बहुमताने सरकार जातं, म्हणजे ते सभागृहाला जबाबदार आहे.' ओळखण्याचा गुण गेला. पण दुसऱ्या वाक्यात पुरावाही आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्षही, म्हणून 2 द्यायचे. दुसऱ्याने नुसतं 'संसदीय, कारण पंतप्रधानासारखा प्रमुख आहे' लिहिलं. त्याला 1. उत्तर बरोबर असूनही कमी गुण का, हे मुलं विचारणारच, म्हणून ही वाटणी प्रश्नाखालीच छापा.

तीन गुणांच्या उपप्रश्नात 1 गुण 'पदावर राहिले असते' किंवा 'गेले असते' याला, 1 कारणाला आणि 1 त्याची किंमत सांगण्याला. 'वाजपेयी अध्यक्षीय पद्धतीत असते तर मुदत पूर्ण केली असती, कारण नुसत्या अविश्वासाने त्यांना काढता आलं नसतं' इथे थांबलं तर 2. पुढे 'पण बहुमत नसलेल्या सभागृहाकडून खर्च मंजूर करून घ्यावा लागला असता' असं आलं तर तिसरा. दाखल्यासाठी क्लिंटन यांचाच काळ आहे. 1995–96 च्या हिवाळ्यात अमेरिकी काँग्रेसशी खर्चावर जमलं नाही आणि केंद्र सरकारची कित्येक कार्यालयं 21 दिवस बंद राहिली. आपल्याकडच्या किमतीचाही दाखला आहे: 17 एप्रिलनंतर ऑक्टोबरपर्यंत काळजीवाहू सरकार होतं आणि कारगिलचं युद्ध त्याच काळात झालं.

फ्रान्स पहिल्याच केसला देऊ नका. 4 डिसेंबर 2024 ला बार्निए सरकार 331 मतांनी पडलं, राष्ट्राध्यक्ष माक्रों मात्र राहिले. ही केस मुलांच्या हाताखालून दोन्ही शुद्ध नमुने गेल्यावरच द्यावी, आणि तिथे ओळखण्याचा तो 1 गुण 'मिश्र' म्हणणाऱ्यालाच.

आपल्या जवळचं उदाहरण अनेकजण सुचवतात. सिन्नरचा नगराध्यक्ष थेट लोक निवडतात, नाशिकचा महापौर नगरसेवक निवडतात. निवडीची रीत समजावण्यासाठी जरूर वापरा. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं की काय होतं हे मुलांनी पाहिलेलं असतं. पण त्यावर दहा गुणांची केस करू नका. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, त्यामुळे महापौराला पंतप्रधानाच्या जागी ठेवलं की पुराव्याचे चारही गुण कशाला द्यायचे हेच ठरत नाही.

शेवटचं, तपासणीचं. दोन शिक्षकांनी आधी त्याच पाच-सहा उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात. बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, चारही रकाने वेगवेगळे ताडून बघा. फरक बहुतेक पुराव्याच्या रकान्यात निघतो: एकाने 'उचललं' याला 2 दिलेले असतात, दुसऱ्याने 1. तो वाद गठ्ठा उघडण्याआधी मिटवावा, आणि मिटला तसा उत्तरसूचीत एका ओळीत लिहून ठेवावा.