घड्याळ उलटं, सकाळची संध्याकाळ

काट्यांचं घड्याळ आहे, दुपारचे तीन वाजलेत. ते हातात घेऊन उलटं धरा, बाराची खूण खाली येऊ द्या. आता काटे साडेनऊ दाखवतात. जानेवारीत लंडनला त्या क्षणी सकाळचे साडेनऊच वाजलेले असतात.

भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. पंधरा अंशांना एक तास, म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. घड्याळ उलटं केलं की तासकाटा सहा तासांनी सरकतो आणि मिनिटकाटा अर्ध्या तासाने. सहा तास मागे, अर्धा तास पुढे, हिशेब साडेपाचाचाच होतो.

अमेरिकेसाठी दोन आकडे पाठ करा. हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, कॅलिफोर्निया साडेतेरा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक एकेक तासाने घटतो.

पण साडेबारा तास तोंडी वजा करत बसू नका. आधी बारा तास काढून टाका, म्हणजे सकाळची संध्याकाळ आणि दुपारची रात्र करा. मग उरलेलं जुळवा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियासाठी अर्धा तास कमी करा, न्यूयॉर्कसाठी अडीच तास मिळवा. हिवाळ्यात दोन्हीकडे दीड तास: कॅलिफोर्नियाला कमी, न्यूयॉर्कला जास्त.

समजा, जुलैतला शनिवार आहे, पुण्यात सकाळचे सात वाजलेत आणि सॅन होजेला मुलीला फोन करायचाय. सातचे संध्याकाळचे सात केले, अर्धा तास काढला, साडेसहा. पण वार? आपल्याकडे दुपारचे बारा वाजायच्या आत असाल, तर तिकडे आदला दिवस. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ. दुपारनंतर वार सहसा तोच राहतो. बाराच्या आसपास मात्र जपा. शनिवारी दुपारी सव्वाबारा म्हणजे तिथे शनिवारी रात्रीचे सव्वाबारा. त्यातून अर्धा तास गेला की शुक्रवारचे रात्रीचे पावणेबारा. तेवढ्यात वार बदलला.

सगळ्यात जास्त चुका मार्चमध्ये होतात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये हे रविवार ८ आणि २९ मार्चला येतात. मधले तीन आठवडे न्यूयॉर्कला उन्हाळी आकडा लावायचा आणि लंडनला हिवाळीच. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेआठला असायची, ती त्या सोमवारपासून साडेसातला येते. आपलं घड्याळ हललेलं नसतं, त्यामुळे लक्षात येत नाही आणि माणूस तासभर उशिरा पोचतो.

फिनिक्सला मात्र घड्याळ पुढेमागे करत नाहीत. तिथे बाराही महिने साडेबारा तासच धरायचे.