घंटा वाजवू नका, प्रश्न नीट विचारा

मित्रहो, आयोजकांनी सांगितलंय की परिसंवादाचे प्रश्न कसे काढावेत यावर बोला. त्यावर येतोच, पण आधी एक तक्रार.

मागे शहरातल्याच एका चर्चासत्रात माझ्याकडे संचालन होतं. विषय पुण्याचं पाणी, चार वक्ते, वेळ एक तास. स्वागत, शाल-श्रीफळ, परिचय यांत बारा मिनिटं गेली. (परिचय पत्रिकेत छापलेला होता, तरी वाचला. पुणेकर छापलेलं वाचत नाहीत, असा काही समज असावा.) उरली अठ्ठेचाळीस. श्रोत्यांसाठी पंधरा ठेवली की तेहतीस. आयोजकांचा आग्रह, आधी प्रत्येकाला सात मिनिटं भूमिका मांडू द्या. म्हणजे अठ्ठावीस संपली आणि चर्चेला पाच. याला परिसंवाद नाही, चार भाषणं म्हणतात!

मी भूमिका दोन-दोन मिनिटांवर आणल्या. आठ गेली, पंचवीस राहिली. प्रश्नासह एका उत्तराला अडीच मिनिटं धरा, दहा उत्तरं होतात. चौघांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं तर अडीच प्रश्नांत खेळ खल्लास. म्हणून प्रश्न एकालाच, फार तर दोघांना, आणि नाव घेऊन.

आणि सुरुवात कुणापासून? सर्वांत ज्येष्ठांपासून नको. पहिला जेवढा बोलतो तेवढा आपलाही हक्क, असं बाकीचे धरून चालतात. आटोपशीर बोलणाऱ्याला आधी द्या. ज्येष्ठ रुसतात, पण शाल मिळालेली असते.

'पाणीप्रश्नाबद्दल आपलं मत काय?' या प्रश्नाला शेवट नाही. वक्ता पानशेतच्या पुरापासून सुरू करतो. मी विचारलं, 'खडकवासल्यात यंदा पाणी कमी आहे. दौंड-इंदापूरचं उन्हाळी आवर्तन कापाल की शहराचं पाणी एक दिवसाआड कराल? आधी निवड सांगा, मग कारण.' वक्ते चमकले, पण निवड सांगितली. लगेच शेजारच्या बाईंना विचारलं, 'आवर्तन कापलं तर उभ्या उसाचं काय?' वाद पेटला. घंटेची गरजच पडली नाही.

चिठ्ठी आली, दोन मिनिटं! तर वेळ आणि माइक सांभाळण्याचं उरलंय, ते उरकतो.

'एक मिनिट' ही पाटी संचालकाने दाखवू नये. तो वक्त्यांच्याच रांगेत बसतो, ती दिसणार कुणाला? पहिल्या रांगेत समोर एक स्वयंसेवक बसवा. तरीही वक्ता थांबला नाही तर वाक्य संपायची वाट पाहू नका, ते संपत नसतं. श्वास घेताना त्याचाच एखादा शब्द उचला: 'गळती म्हणालात, त्यावर मॅडम?' अपमान होत नाही आणि माइक सरकतो.

श्रोत्यांचा माइक मात्र स्वयंसेवकाच्याच हातात हवा. 'प्रश्न नाही, थोडं निवेदन आहे' म्हणणाऱ्याच्या हाती तो गेला की परत येत नाही. तीन प्रश्न एकत्र घ्या, मग उत्तरं. समारोपासाठी चौघांना पुन्हा फिरवू नका, तिथे दहा मिनिटं जातात. आभार दोन वाक्यांत.

बरं, प्रश्न? मागच्या काकांचा हात आधी वर गेलाय. प्रश्नच आहे ना?