ओठ न हलवता

मंडळी, मघाशी बालवर्गात एका चिमुरडीनं विचारलं, "मनातल्या मनात म्हटलं, तर देवाला ऐकू कसं जाणार?" सगळे हसले. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. मनातलं मनात ठेवायचा सराव आपल्याला कुठे आहे म्हणा!

शास्त्र तिच्या बाजूनं नाही. वाचिक, उपांशु आणि मानस हे जपाचे तीन प्रकार. मनुस्मृती यज्ञाहून जप दहापट, ओठांतला उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट मानते. म्हणजे खचाखच भरलेल्या गाडीत एका हातानं कडी धरून उभा असलेला माणूस मुळीच तोट्यात नाही.

मोकळा हात खिशात घाला. खिसा हीच तुमची गोमुखी. अंगठ्यानं मोजा, पण नख लावू नका. अनामिकेचं मधलं पेर एक, खालचं दोन. मग करंगळीवर खालून वर तीन, चार, पाच. अनामिकेचं टोक सहा, मधल्या बोटाचं टोक सात, आणि तर्जनीवर वरून खाली आठ, नऊ, दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं हा मेरू, तिथे अंगठा टेकवायचा नाही. चूक हमखास इथेच होते: सातनंतर अंगठा सवयीनं त्याच बोटावर खाली घसरतो आणि दहाचे बारा होतात. तर्जनीच्या तळाशी पोचल्यावर मोजणी दहा नसेल, तर समजा मेरूत शिरलात. एका सहज श्वासाला एक नाम धरलं, तर दहाला पाऊण मिनिट लागतं आणि 108 ला आठेक मिनिटं. ऑफिसात एक दहाच पुरे. आपण मात्र 108 च्या हट्टापायी गाडीच्या वेगानं नामं पळवतो, आणि मग तो जप राहत नाही, हिशेब होतो.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत 'प्रभू येशू ख्रिस्ता' श्वास घेताना आणि 'माझ्यावर दया कर' सोडताना म्हणतात. फक्त श्वास मुद्दाम लांबवू नका, कोंदट गर्दीत गरगरायला लागतं.

ज्यू परंपरेत घाईतल्या माणसासाठी 'हाविनेनू' आहे. रोजच्या मोठ्या प्रार्थनेतले पहिले तीन आणि शेवटचे तीन आशीर्वाद पूर्ण म्हणायचे, मधल्या सगळ्यांसाठी एकच छोटा उतारा. तिथे ओठ मात्र हलावे लागतात. ही रीत बायबलमधल्या हन्नाच्या प्रार्थनेवरून आली. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि एली याजकाला वाटलं, बाई प्यायली आहे! देवाला कळलं, याजकाला नाही. त्या मुलीला हीच गोष्ट सांगायला हवी होती.

पण तिचा प्रश्न अजून सुटत नाही. आपल्याला नाम कळलं ते घरातल्या कुणाच्या तरी पहाटेच्या पुटपुटण्यातून, कुणी शिकवलं नव्हतं. आता आपला हात खिशात आणि ओठ मिटलेले. देवाला ऐकू जाईलही. तिला कुठून ऐकू जाणार?