ट्रंकेत मावेल तेवढेच

डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर ही सदनिका आहे. एक खोली, स्वयंपाकघर आणि त्या दोहोंमधल्या बोळावर बांधलेला माळा, असे सगळे मिळून जेमतेम पावणेचारशे चौरस फूट. इथे राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका वर्षापूर्वी गेल्या. वर्षश्राद्ध उरकल्यावर त्यांची थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि सून यांनी घर आवरायला घेतले. मुलगा आणि सून याच घरात राहतात, त्यांच्या मुलीला अभ्यासाला जागा हवी आहे, आणि माळ्यावर, दिवाणाखाली व लोखंडी कपाटात अशा वस्तू भरलेल्या आहेत की ज्या रोज लागत नाहीत, पण ज्या टाकायला कोणाचा हातही धजत नाही.

त्यांनी ठरवलेली पद्धत साधी आहे. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि तिच्याविषयी तीनपैकी एक निर्णय करायचा: ठेवायची, कोणाला तरी द्यायची किंवा सोडायची. दागिने, ठेवी आणि घराची कागदपत्रे यांना ही पद्धत लावलेली नाही, कारण तो सर्व वारसांच्या संमतीचा आणि कायद्याचा विषय आहे. ते सगळे आधीच वेगळे काढून ठेवले आहे.

ढीग करण्यापूर्वी त्यांनी ‘ठेवायचे’ म्हणजे किती हे ठरवून टाकले. माळ्यावरून आईची लोखंडी ट्रंक खाली काढली, पुसली आणि आठवणी म्हणून जे ठेवायचे ते या ट्रंकेत मावले पाहिजे, असा नियम केला. रोजच्या वापरात येणारी वस्तू या हिशेबात धरायची नाही. आईची किसणी स्वयंपाकघरात चालू राहील, ती ट्रंकेत जाणार नाही. हा नियम कठोर वाटतो, परंतु त्यामुळे प्रश्नच बदलतो. ‘ही वस्तू मला प्रिय आहे का’ या प्रश्नाला सगळ्याच वस्तूंचे उत्तर ‘हो’ असे येते. ‘या वस्तूसाठी ट्रंकेतली कोणती वस्तू बाहेर काढू’ या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते.

सुरुवात भांड्यांपासून झाली आणि छायाचित्रे मुद्दाम शेवटी ठेवली. छायाचित्रांना आधी हात लावला की पहिल्याच तासात सगळे अल्बम मांडीवर घेऊन बसतात आणि दिवस तिथेच संपतो. भांड्यांमध्ये पितळी हंडा, कळशी, घंगाळ, परात आणि लग्नामुंजीत आलेले कितीतरी तांबे होते. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून घेण्याची आपल्याकडे पद्धत होती, त्यामुळे एकेका तांब्यावर एकेक नातेवाईक निघाला. मुलीने त्या सर्व कोरीव नावांची खिडकीशी, तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली. समोरून झगझगीत उजेड पडला तर पितळेवर नुसती चकाकी दिसते आणि अक्षरे वाचता येत नाहीत. ट्रंकेत एकच तांब्या गेला, तो म्हणजे आजोबांच्या नावाचा.

उरलेल्या पितळेपैकी काही मोडीत गेले. मोडीचा भाव वजनावर ठरतो आणि त्यातून लोखंडी कड्या व डागडुजीचे डाग वजा होतात, हे दुकानात जाण्यापूर्वी माहीत असलेले बरे. नव्या हंड्याची किंमत मनात धरून गेले तर आईच्या हंड्याचा अपमान झाल्यासारखे वाटते. तो अपमान नसतो, तो फक्त धातूचा भाव असतो.

या सगळ्या कामात खरी अडचण येते ती मधल्या ढिगाची. ‘ठेवायचे’ याला ट्रंकेची मर्यादा आहे, ‘सोडायचे’ हे त्याच आठवड्यात घराबाहेर जाते, परंतु ‘द्यायचे’ हा ढीग महिनोन्‌महिने जागच्या जागी राहू शकतो. निर्णय झाल्याचे समाधान मिळते आणि जागा मात्र एक इंचही मोकळी होत नाही. म्हणून या घरात देण्याच्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली आहे, आणि चिठ्ठीवर घेणाऱ्याचे नाव व नेण्याची शेवटची तारीख आहे. ज्या वस्तूला नाव सुचत नाही ती ‘कोणीतरी नेईल’ म्हणून या ढिगात येत नाही, आणि तारीख उलटून गेली की ती सोडायच्या ढिगात जाते.

नाव लिहिण्यापूर्वी विचारायचे असते, आणि कसे विचारायचे यावर पुष्कळ अवलंबून असते. थोरल्या मुलीने मावशीला पहिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “मावशी, आईचं घंगाळ तुझ्यासाठी ठेवलंय.” मावशीला नाही म्हणता आले नाही, आणि महिनाभराने घंगाळ न्यायलाही जमले नाही. नंतरचे फोन वेगळे झाले: “आत्या, आईची परात आहे. तुला वापरायला हवी असेल तरच सांग, नको असेल तर अगदी मोकळेपणाने नको म्हण.” आत्यांनी लगेच सांगितले, “अगं, मीच माझी काढायला बसलेय. मला तिची पोळ्यांची लाकडी पोळपाट-लाटणी दे, ती हलकी आहे.” नको म्हणायची वाट मोकळी ठेवली की माणसे काय हवे ते स्वतःहून सांगतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या भाचीच्या बाबतीत वजनाचाही विचार आला; विमानाच्या एका बॅगेत साधारणपणे २३ किलो मावतात, त्यात हंडा बसवणे म्हणजे तिच्या गळ्यात तो बांधणेच. तिला आजीच्या हातची, नाव कोरलेली एक वाटी पुरेशी होती.

घराबाहेर राहणाऱ्या माणसाचा आणखी एक आग्रह सर्वांच्या ओळखीचा असतो: “टाकू नका, ठेवा.” यावर सुनेने एक नियम सुचवला आणि नणंदेने तो मान्य केला. ज्याला वस्तू ठेवावीशी वाटते त्याने ती आपल्या घरी न्यावी. दुसऱ्याच्या घरात ठेवायचा हक्क कोणालाही नाही. माझ्या मते या घरातला हा सर्वांत उपयोगी नियम आहे, आणि तो सुनेने बोलून दाखवला हे अधिक महत्त्वाचे, कारण माळ्याखाली रोज तीच वावरते.

साड्यांचे काम सर्वांत रेंगाळले. प्रथम कपाटातल्या, दिवाणातल्या आणि बॅगांमधल्या सगळ्या साड्या एकाच पलंगावर आणल्या, कारण वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या वस्तूंचा आकडा कधी लक्षातच येत नाही. प्रत्येक साडी पूर्ण उलगडून झटकायची, हा नियम आठवणींसाठी नव्हे तर पैशांसाठी होता. जुन्या पिढीतल्या बायका घड्यांमध्ये नोटा आणि पावत्या ठेवत. इथे एका पातळाच्या घडीत मुदत ठेवीची पावती आणि जुन्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या या नोटा आता बदलून मिळत नाहीत, आणि २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा सर्वसाधारण माणसाने जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. चार नोटा ठेवायला हरकत नव्हती. त्यातली एक ट्रंकेत गेली.

रेशमी साडी कोणाला देण्यापूर्वी तिची घडी तपासावी लागते. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी मोडलेले रेशीम त्या रेषेवर कमकुवत होते. दोन्ही बाजूंनी अलगद ताणून पाहिले की तिथले धागे तडकायला लागतात. अशी साडी नेसायला म्हणून दिली तर पहिल्याच समारंभात ती फाटते आणि घेणारीला अपराधी वाटते. तिचा धड राहिलेला पदर किंवा काठ कापून देणे अधिक प्रामाणिक आहे. शिक्षिकाबाईंचा लग्नातला शालू अशाच अवस्थेत होता. त्याची जर काळवंडलेली होती, आणि जुन्या शालूंमध्ये चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली जर असे, म्हणून जुनी जर वजनावर घेणाऱ्या व्यापाऱ्याला तो दाखवावा असे मुलाने सुचवले. थोरलीने मान हलवली आणि पदर कापून ट्रंकेत ठेवला, काठ दोन्ही नातींना दिले. मधले अंग सोडले.

मऊ झालेल्या सुती साड्यांचे उत्तर त्यामानाने सोपे होते. त्यांची गोधडी होते, कारण धुऊन धुऊन मऊ पडलेले सूत थरांवर थर देऊन धावदोऱ्याने शिवता येते. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या मात्र त्यात घालू नयेत. त्या टाक्यातून सरकतात, घाम टिपत नाहीत आणि विस्तवाजवळ धोक्याच्या ठरतात. त्या बोहारणीकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा आला, ज्यावर सुनेने ताबडतोब आक्षेप घेतला की घरात पुन्हा एक भांडे वाढले.

पुस्तके आणि दिवाळी अंक देताना थांबून चौकशी करावी लागली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे, पण म्हणून कोणत्याही वाचनालयाच्या दारात पोती नेऊन ठेवणे योग्य नाही. त्यांच्याकडे त्याच अंकाच्या प्रती बहुधा आधीच असतात. अंकाचे नाव, वर्ष आणि स्थिती यांची यादी करून आधी विचारले की नेमके काय हवे ते कळते. बाकीचे रद्दीत जाते. कसर लागलेला अंक इतर कोणत्याही पुस्तकाशेजारी ठेवायचा नाही, मग तो कितीही दुर्मीळ असो.

पत्रांच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट लक्षात आली. आईला आलेली पत्रे तिची होती, पण मजकूर लिहिणाऱ्याचा होता. एका मैत्रिणीने आपल्या संसारातल्या दुःखांविषयी लिहिलेली आंतरदेशीय पत्रे मुलीने दोन ओळींपलीकडे वाचली नाहीत. मैत्रीण हयात आहे, म्हणून गठ्ठा तसाच बांधून तिला परत दिला. हा ‘द्यायचे’ या ढिगाचा सर्वांत चांगला उपयोग होता.

शेवटी छायाचित्रे. चिकट पानांचे आणि वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम काळाबरोबर पिवळे पडतात आणि त्यांचा गोंद फोटोलाही धरतो. पान आहे तसे आधी टिपून घ्यायचे, मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोमागून हळूहळू सरकवायचा. फोटो सुटत नसेल किंवा काचेला चिकटलेला असेल तर ओढायचा नाही. ओढला की प्रतिमेचा थरच काचेवर राहतो. लहान आकाराचे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केले म्हणजे मोठे करून पाहता येतात. मागच्या बाजूला नावे मऊ पेन्सिलीने लिहायची, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

एकाच प्रसंगाच्या दहा फोटोंपैकी दोन ठेवले, धूसर फोटो आणि नुसत्या निसर्गदृश्यांचे फोटो सोडले. ज्यांतली माणसे ओळखू आली नाहीत ते फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले आहेत. पंच्याऐंशीच्या घरातल्या आत्येआजोबांना त्यातली सहा माणसे सांगता आली. त्यांना ते फोटो छापून, मोठे करून घरी नेऊन दाखवले होते, कारण मोबाइलच्या पडद्यावर त्यांना दिसत नाही. उरलेल्या चेहऱ्यांसाठी दिवाळीपर्यंतची मुदत आहे.