कलम 26चा एक रुपया

मंडळी, सभेला येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नोटिसा हातात घेऊन आणल्या आहेत, ते बरं झालं. आधी त्या उघडा आणि वरच्या ओळीत कुठलं कलम लिहिलंय ते बघा. आपण सगळ्याच कागदांना 'भूसंपादनाची नोटीस' म्हणतो, पण कायद्याच्या लेखी ते वेगवेगळे कागद आहेत आणि प्रत्येकावर करायचं काम वेगळं आहे. आज मी कालव्याच्या संपादनाचं उदाहरण घेणार आहे, म्हणजे 2013चा भूसंपादन कायदा, जो 1 जानेवारी 2014पासून लागू आहे. ज्यांची जमीन राष्ट्रीय महामार्गात जातेय त्यांची अधिसूचना महामार्ग कायद्याखाली निघते. तिथे हरकतीची मुदत 21 दिवसांची असते आणि रकमेचा वाद लवादाकडे जातो. मोबदल्याचं गणित मात्र तिथेही याच 2013च्या कायद्यावरून होतं.

पहिला कागद कलम 11चा, प्राथमिक अधिसूचना. ही तुमच्या घरी येईलच असं नाही. ती राजपत्रात येते, दोन दैनिकांत येते, ग्रामपंचायतीत लागते, गावात प्रसिद्ध होते. 'आम्हाला कोणी कळवलंच नाही' ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो, पण मुदतीचं घड्याळ प्रसिद्धीपासून चालू झालेलं असतं. हरकतीला 60 दिवस मिळतात, ते कलम 15 खाली. आणि हरकत कशावर? एवढी जमीन खरंच लागते का, हीच जागा योग्य का, असल्या मुद्द्यांवर. 'भाव कमी आहे' असं तिथे लिहून उपयोग नाही, कारण अजून कोणी भाव काढलेलाच नाही. याच अधिसूचनेपासून जमिनीचे व्यवहार करायला मनाई सुरू होते आणि याच तारखेला जमिनीचं बाजारमूल्य धरलं जातं. पुढे दोन वर्षांनी शेजारी कंपनी आली आणि भाव तिप्पट झाला, तरी तो या हिशोबात येत नाही.

मग कलम 19ची घोषणा. तिच्यात नेमके गट आणि क्षेत्र येतं. त्यानंतर कलम 21ची नोटीस येते. पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची नोटीस ही. 'तुमचा हितसंबंध काय, मागणी किती, मोजणीवर हरकत काय, ते अमुक तारखेला येऊन सांगा' असं तिच्यात लिहिलेलं असतं. आपली माणसं त्या तारखेला जातात, हजेरीच्या कागदावर सही करतात आणि चहा पिऊन परत येतात. लेखी काहीच देत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांचा मोबदल्याचा निवाडा आला की मग धावपळ. त्या दिवशी लेखी मागणी द्यायची आणि पोच घ्यायची. मागणीत काय लिहायचं हे कळायला गणित कळायला हवं, म्हणून आता त्याकडे वळू.

एक शेतकरी धरू. गट 1 हेक्टर 20 आर, ग्रामीण भाग, जिरायत नोंद. कालवा मधून जातो आणि 40 आर घेतो. त्या 40 आरमध्ये एक गोठा, थोडी पाइपलाइन आणि आंब्याची झाडं आहेत.

पहिली पायरी हेक्टरी दराची. कलम 26 सांगतं की रेडीरेकनरचा दर काढा आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी काढा. यातला जो जास्त, तो घ्या. सरासरी काढण्यासाठी मागच्या तीन वर्षांची नोंदणीकृत खरेदीखतं घ्यायची. पण सगळी नाही. एकूण खतांपैकी ज्यांचा भाव सर्वांत जास्त आहे अशी वरची निम्मी खतं, आणि त्यांचीच सरासरी. हे कायद्याच्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. खरेदीखतात किंमत कमी दाखवण्याची सवय देशभर आहे. तिचा फटका जमीन जाणाऱ्याला बसू नये म्हणून ही तरतूद आहे, असं मी समजतो.

आपल्या उदाहरणात रेडीरेकनर हेक्टरी 12 लाख आहे. तीन वर्षांत आठ खतं मिळाली आणि त्यांचे हेक्टरी भाव लाखांत असे निघाले: 30, 28, 24, 22, 18, 15, 12, 10. वरची चार घेतली की बेरीज 104, सरासरी 26 लाख. रेडीरेकनरपेक्षा हा जास्त, म्हणून दर 26 लाख. 40 आरचे झाले 10 लाख 40 हजार.

दुसरी पायरी गुणांकाची. ग्रामीण भागात ही किंमत शासन ठरवील त्या गुणांकाने वाढवायची असते, 1 ते 2च्या दरम्यान. शहरी हद्दीत तो 1च असतो. आपल्याकडे तो अधिसूचनांनी ठरतो आणि काही प्रकल्पांपुरता बदललेलाही आहे, म्हणून आपल्या निवाड्यात कोणता धरलाय ते तपासा. आपण 2 धरू. 10 लाख 40 हजारांचे झाले 20 लाख 80 हजार.

तिसऱ्या पायरीवर जमिनीला चिकटलेल्या मालमत्तेची किंमत मिळवतात. गोठा 2 लाख 20 हजार, पाइपलाइन 80 हजार, झाडं 2 लाख 20 हजार, एकूण 5 लाख 20 हजार. बेरीज झाली 26 लाख.

चौथ्या पायरीवर या बेरजेवर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे आणखी 26 लाख. झाले 52 लाख.

शेवटी 12 टक्क्यांची वार्षिक रक्कम. सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची अधिसूचना निघाल्यापासून निवाडा किंवा ताबा, यातलं जे आधी होईल तिथपर्यंत. ज्या प्रकल्पांना त्या अभ्यासातून सूट असते तिथे कलम 11पासून मोजण्याची पद्धत आहे. ही रक्कम साधारणपणे गुणांक न लावलेल्या बाजारमूल्यावर मोजतात, आणि तिच्यावर पुन्हा दिलासा रक्कम मिळत नाही. आपल्या उदाहरणात 15 महिने गेले असं धरलं, तर 10 लाख 40 हजारांवर 15 टक्के, म्हणजे 1 लाख 56 हजार. अंतिम आकडा 53 लाख 56 हजार.

आता हेच गणित उलट बाजूने बघा. कलम 26खाली ठरलेला एक रुपया गुणांकाने दोन होतो आणि दिलासा रकमेने चार. गोठ्याचा किंवा झाडाचा एक रुपया फक्त दोन होतो. म्हणून निवाड्याची प्रत हातात आली की आधी शेवटची बेरीज वाचू नका. दराचं पान काढा. कोणती खतं घेतली, कोणती वगळली आणि का वगळली, हे तिथे लिहिलेलं असतं.

दरात चूक कशी होते ते आपल्याच आठ खतांवर दाखवतो. समजा, कार्यालयाने वरची निम्मी न घेता आठही खतांची सरासरी काढली. ती येते 19 लाख 87 हजार 500. बाकीचं गणित अगदी बरोबर केलं, तरी अंतिम रक्कम 43 लाख 39 हजारांच्या आसपास येते. दहा लाख गेले, आणि बेरीज-गुणाकारात कुठे चूक सापडणार नाही. दुसरा प्रकार खतं वगळण्याचा. 'हा व्यवहार खऱ्या बाजारभावाचा वाटत नाही' असं म्हणून खत बाजूला ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना कायद्याने दिलेला आहे. तो कधी योग्यच असतो. रस्त्यालगतच्या दोन गुंठ्यांच्या बिनशेती प्लॉटचा भाव शेताला लावा म्हणणं मलाही पटत नाही. पण कारण लिहिलेलं हवं. 30 आणि 28 लाखांची खतं कारणाविना गाळली गेली असतील तर तो तुमचा मुद्दा.

यासाठी खतं तुमच्याकडे हवीत. दुय्यम निबंधकांकडून आपल्या आणि लगतच्या गावांची तीन वर्षांची सूची दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती काढा. कलम 21च्या सुनावणीआधी काढा. प्रत्येक व्यवहाराची रक्कम क्षेत्राने भागून हेक्टरी भाव लिहा आणि उतरत्या क्रमाने मांडा. एका संध्याकाळचं काम आहे.

आता मालमत्तेकडे येऊ, कारण तिथली गळती कागदावर होते. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस, संपादन करणाऱ्या विभागाचा माणूस आणि तुम्ही एकत्र शेतात असता. त्या दिवशी जे पत्रकात उतरलं, तेच पुढे मूल्यांकनाला जातं. जमिनीखालची पाइपलाइन कोणाला दिसत नाही, तेव्हा ती तुम्ही दाखवायची. झाडांची संख्या आणि वय लिहून घ्यायचं. पत्रक अपुरं असेल तर सही करताना तिथेच तसं लिहायचं. 80 हजारांची पाइपलाइन राहून गेली तर नुकसान 1 लाख 60 हजारांचं.

विहिरीबद्दल एक इशारा. दर बागायत जमिनीच्या खतांवरून काढला असेल आणि ती जमीन त्याच विहिरीमुळे बागायत असेल, तर विहिरीची वेगळी किंमत मागितल्यावर 'पाण्याचे पैसे दरात आलेत' असं उत्तर येतं. त्याला आधार आहे, एकाच गोष्टीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. फळबागेचंही तसंच. उत्पन्नावरून जमिनीची किंमत काढली असेल तर झाडांची किंमत पुन्हा वेगळी मिळणार नाही. तेव्हा कोणत्या पद्धतीने जास्त येतं ते आधी करून बघा आणि मगच मागणी लिहा.

आणखी एक रक्कम आहे, जी मी क्वचितच कोणी मागताना पाहतो. आपल्या शेतकऱ्याचा कालवा मधून गेला. उरलेल्या 80 आरचे दोन तुकडे झाले, एका बाजूला 55, दुसऱ्या बाजूला 25. पलीकडे जायला पूल एक किलोमीटरवर. कलम 28 म्हणतं की जमीन तोडली गेल्यामुळे उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं तेही मोबदला ठरवताना विचारात घ्यायचं. पण मागितलं आणि दाखवलं तरच. नकाशावर दोन तुकडे रंगवा, वहिवाटीचं अंतर लिहा, 25 आरमध्ये पाणी कसं न्यायचं ते विचारा. घराचा किंवा इमारतीचा फक्त काही भाग जात असेल तर संपूर्ण इमारत घ्या असं म्हणण्याचा हक्कही कायद्यात आहे.

आता निवाड्यानंतरचं. रक्कम मान्य नसेल तर कलम 64 खाली, मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे प्रकरण पाठवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत सहा आठवडे. नसाल तर निवाड्याची सूचना मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. पैसे उचलले तरी हा हक्क राहतो, पण पावतीवर 'निषेध नोंदवून, हक्क राखून स्वीकारले' असं लिहिलेलं असेल तरच. न लिहिता उचलले तर कलम 64चा अर्ज करता येत नाही. बँकेची घाई असते, मध्यस्थ 'सही करा हो, नंतर बघू' म्हणतो, आणि नंतर बघायला काही उरत नाही.

सातबाऱ्यावर अजून वारलेल्या वडिलांचं नाव असेल, भावाभावांत हिश्श्याचा वाद असेल, तर पैसे तुमच्याऐवजी प्राधिकरणाकडे जमा होतात आणि तिथे पडून राहतात. वारस नोंद कलम 11च्या आधी करून ठेवलेली बरी. रकमेवर आयकराची धास्ती असेल तर ती सोडा, या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेला कलम 96ने आयकरातून सूट आहे. खाजगी वाटाघाटीने विकलेल्या जमिनीला मात्र ती तशीच लागू होईल असं धरून चालू नका.

आणि ज्यांनी कलम 64चा अर्ज केलाच नाही त्यांच्यासाठी कलम 73. त्याच अधिसूचनेतल्या तुमच्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढीव दर दिला, तर त्या निकालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत तुम्हीही जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरनिश्चितीचा अर्ज करू शकता. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. म्हणून गावातल्या कोणाचं प्रकरण प्राधिकरणापुढे चालू आहे, त्याचा नंबर काय, पुढची तारीख कुठली, हे एका वहीत लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ.