टॅब बंद केली म्हणजे बाहेर पडलो असं नाही

(राजारामपुरीतल्या एका हौसिंग सोसायटीच्या हॉलमध्ये, संध्याकाळच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान. बोललेलं थोडं नीट करून इथे दिलं आहे.)

मंडळी, माझं झेरॉक्सचं आणि प्रिंटचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी दोन कॉम्प्युटर ठेवलेत. पूर्वी लोक पेनड्राइव्ह घेऊन यायचे, आता फोन घेऊन येतात. आधार कार्ड, मुलीच्या अॅडमिशनचा फॉर्म, जमिनीचा उतारा, सगळं व्हॉट्सअॅपवर असतं. मग कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब उघडायचं, तो चौकोनी कोड फोननं स्कॅन करायचा, फाइल उतरवायची, प्रिंट घ्यायची, पैसे द्यायचे आणि टॅब बंद करून निघायचं. गर्दीच्या वेळी हे पाच मिनिटांत उरकतं. आज मला बोलायचंय ते त्या शेवटच्या पावलाबद्दल, टॅब बंद करण्याबद्दल.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एक काकू दुकानात आल्या. वीस बायकांची भिशी त्या चालवतात. म्हणाल्या, "दादा, माझ्या फोनला काय झालंय बघ. मी मेसेज उघडायच्या आधीच तो वाचलेला असतो. बायका म्हणतात, काकू वाचतात आणि उत्तर देत नाहीत." त्यांना वाटत होतं फोन खराब झालाय. मुलाला विचारलं तर तो म्हणाला अॅप काढून परत टाक.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की काकू, आधी तुमची यादी बघू. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सअॅपमध्ये वर उजवीकडचे तीन टिंब दाबायचे, त्यात Linked devices दिसतं. आयफोनवर तेच सेटिंग्जमध्ये आहे. तिथे तुमच्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक ओळ असते. ओळीत ब्राउझरचं किंवा सिस्टिमचं नाव आणि खाली Last active, म्हणजे ते यंत्र शेवटचं कधी चालू होतं ती वेळ. कुठल्या गावातलं, कुणाच्या टेबलावरचं, ते ही ओळ सांगत नाही. ते तुम्हालाच ओळखावं लागतं.

काकूंच्या यादीत तीन ओळी होत्या. एक Google Chrome, काल रात्रीची वेळ. एक Windows, आज सकाळी 11.20. आणि आणखी एक Google Chrome, तीन आठवड्यांपूर्वीची.

पहिली ओळ मुलाच्या लॅपटॉपची निघाली. तो सुट्टीला घरी आला होता आणि काकूंचे फोटो त्यावर उतरवून घेतले होते. त्याला फोन लावला, त्यानं सांगितलं काल रात्री लॅपटॉप चालू होता. वेळ जुळली. तिसरी ओळ बघून मला वाईट वाटलं, कारण ती माझ्या दुकानातली होती. काकूंनी तीन आठवड्यांपूर्वी इथेच प्रिंट काढली होती आणि निघताना टॅब बंद केली होती. मीही बघितलं नव्हतं. मी त्या कॉम्प्युटरवर जाऊन व्हॉट्सअॅप वेब उघडलं, आणि स्क्रीनवर कोड न येता सरळ काकूंच्या भिशीचा ग्रुप उघडला. कसलाही पासवर्ड नाही, काही नाही. त्यांच्यादेखतच ते बंद केलं.

राहिली ती मधली ओळ. सकाळी 11.20 ला काकू अंबाबाईच्या देवळात रांगेत होत्या आणि फोन पर्समध्ये होता. त्या वेळी आपलं कुठलं यंत्र चालू होतं, हा एकच प्रश्न विचारायचा. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "अरे, मी मे महिन्यापर्यंत एका ऑफिसात टायपिंगला जायची. तिथल्या कॉम्प्युटरवर ते हिरवं अॅप होतं." नोकरी सोडून तीन महिने झाले होते.

आता हे तीन महिने कसं टिकलं, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. 2015 साली व्हॉट्सअॅप वेब आलं तेव्हा कॉम्प्युटरवरचं पान तुमच्या फोनमधूनच चालायचं. फोन बंद केला, नेट घालवलं, की ते पानही थांबायचं. त्यामुळे आपल्या डोक्यात बसलंय की फोन माझ्याजवळ आहे म्हणजे सगळं माझ्याजवळ आहे. 2021 पासून ही रचना बदलली. आता जोडलेलं प्रत्येक यंत्र स्वतःच मेसेज घेतं आणि पाठवतं. फोन बंद असला तरी. अशी चार यंत्रं एका वेळी जोडता येतात, आणि पाचवं जोडायला गेलं की अॅप अडवतं. किती तरी लोकांना आपली यादी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

मुख्य फोन 14 दिवस वापरलाच नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप सुटतात. पण काकूंचा फोन तर रोज हातात होता. आणि ऑफिसातला कॉम्प्युटर रोज सकाळी चालू होत होता. विंडोजवरचं ते अॅप कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होतं अशी सोय असते, आणि तिथे ती चालू होती. म्हणजे कुणी काही न करता रोज सकाळी काकूंचं खातं त्या टेबलावर उघडत होतं.

त्यांच्या जागी आलेल्या मुलाला काकूंनी फोन लावला. मी शेजारीच होतो. तो म्हणाला, "काकू, मला वाटलं ते ऑफिसचंच व्हॉट्सअॅप आहे. खाली आकडा दिसायचा म्हणून मी उघडून घालवायचो." वाईट हेतू अजिबात नव्हता. पण एका यंत्रावर मेसेज उघडला की सगळीकडे तो वाचलेला होतो, फोनवरचा आकडाही जातो आणि पाठवणाऱ्याला निळी टिक दिसते. बायका रुसल्या त्या या निळ्या टिकांमुळे. म्हणून मी सांगतो, न उघडलेला मेसेज वाचलेला दिसू लागला तर फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी यादी बघा.

बाहेर काढणं सोपं आहे. फोनवर त्या ओळीवर बोट ठेवायचं, Log out येतं, ते दाबायचं. त्या कॉम्प्युटरजवळ जायची गरज नाही, तिथल्या कुणाची परवानगी लागत नाही. फक्त त्या क्षणी तुमच्या फोनला नेट हवं. पलीकडचा कॉम्प्युटर चालू असेल तर तिथे पुन्हा कोडचं पान येतं. तो बंद असेल तर नवे मेसेज तिकडे जाणं थांबतं, पण आधी तिथे साठलेलं तो पुढच्या वेळी नेटवर येईपर्यंत तसंच राहू शकतं.

कुठली ओळ कुणाची हे जुळतच नसेल तर एक चाचणी करा. आपल्या माहितीतले सगळे लॅपटॉप, कॉम्प्युटर खरंच बंद करा, नुसती स्क्रीन मिटू नका. पंधरा-वीस मिनिटांनी यादी परत उघडा. जी ओळ अजूनही ताजी वेळ दाखवते ती तुमच्या घरातली नाही. आणि एवढीही फुरसत नसेल तर सगळ्या ओळी काढून टाका. आपला लॅपटॉप परत जोडायला अर्धं मिनिट लागतं, नुकसान काहीच नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. Last active वरून यंत्र चालू होतं एवढंच कळतं. समोर कुणी बसलं होतं का, त्यानं काय वाचलं, फोटो काढून घेतला का, हे कुठेच कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी माझ्या धंद्यातून मला जास्त खुपते. लॉग आउट केलं तरी उतरवलेल्या फाइल जात नाहीत. फाइल डाउनलोड केली की ती कॉम्प्युटरच्या Downloads फोल्डरमध्ये बसते, आणि तिचा व्हॉट्सअॅपशी संबंध तिथेच संपतो. मी माझ्या दुकानातलं ते फोल्डर त्या दिवशी काकूंसमोर उघडलं. आधार, आधार (1), आधार (2), पासबुकाची पानं, कुणाचे तरी रक्ताचे रिपोर्ट. एकाच खुर्चीत बसून गेलेल्या अनेक माणसांचे कागद एका रांगेत. आधारची सरकारी पीडीएफ पासवर्डनं बंद असते हे खरं, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. नाव तर बऱ्याचदा फाइलवरच लिहिलेलं असतं.

म्हणून प्रिंट झाली की उठायच्या आधी क्रोममध्ये Ctrl+J दाबा. उतरवलेल्या फाइलींची यादी येते. तिथून फोल्डर उघडा, आपली फाइल निवडा आणि Shift+Delete करा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही पडून राहत नाही. यादीतली नुसती नोंद पुसली तर फाइल जाग्यावरच असते, यात पुष्कळ जण फसतात.

त्या दिवसापासून मी दोन्ही कॉम्प्युटरवर क्रोमची गेस्ट विंडो उघडून देतो. ती बंद केली की आतलं लॉगिन पुसलं जातं. तरी तुमच्या फोनच्या यादीत ती ओळ उरते, आणि उतरवलेली फाइलही उरते, तेव्हा गेस्ट विंडो असली तरी वरची दोन्ही कामं करायचीच. दुकानदाराला सांगायला संकोच वाटत असेल तर वाटू देऊ नका. मी स्वतः दुकानदार आहे, मला कुणी "भाऊ, थांबा, फाइल काढतो" म्हटलेलं आवडतं.

मागून एका ताईंनी विचारलंय, की मी तर सहा आकडी पिन लावलाय, मग मला कसली भीती? ताई, तो पिन वेगळ्या वेळी विचारला जातो, कुणी तुमचा नंबर नव्या फोनवर चालू करायला गेलं तर. कॉम्प्युटर जोडताना तो विचारला जात नाही. तिथे विचारलं जातं ते तुमच्या फोनचं लॉक, बोटाचा ठसा किंवा पॅटर्न. म्हणजे ज्याला तुमचा पॅटर्न माहीत आहे आणि ज्याच्या हातात तुमचा फोन अर्धं मिनिट पडतो, तो जोडू शकतो. आणि स्कॅन न करताही जोडता येतं, आठ अक्षरांचा कोड फोनमध्ये टाकून. असा कोड कुणी फोनवरून सांगून "हा टाका" म्हणालं, तर तो त्याचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडतोय.

काकूंच्या जागी आलेल्या त्या मुलानं पुढं एक चांगलं केलं. काकूंनी त्याला Downloads बघायला सांगितलं. त्यात भिशीच्या हिशेबाच्या चार फाइल होत्या, प्रत्येक बाईचं नाव आणि हप्ता असलेल्या. त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि काकूंना दाखवत एकेक पुसली. मग काकूंनी ग्रुपवर बायकांना सगळं खरं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या सात जणी आपापला फोन घेऊन माझ्या दुकानात आल्या. पाच जणींच्या यादीत एक तरी ओळ अशी होती, जी कुणाची आहे ते त्यांना आठवेना.