ना की न्हाय

(दृश्य: टेबलाखालचं पायपेडल. पाऊल दाबतं, सुटतं, परत दाबतं.)

हे शिवणयंत्र नाही. हे पेडल संगणकाला जोडलंय. पाय उचलला की आवाज थांबतो. परत दाबला की रेकॉर्डिंग दोन सेकंद मागे जाऊन सुरू होतं, आणि या दोन सेकंदांतच सुटलेला शब्द सापडतो. हात कीबोर्डवरून हलत नाहीत.

या ताई गेली कित्येक वर्षं बोललेलं मराठी लिहून काढतात. संशोधक मुलाखती पाठवतात, पत्रकार पाठवतात, कधी एखाद्या संस्थेच्या बैठकीचं रेकॉर्डिंग येतं. व्याख्यान त्यातल्या त्यात सोपं, कारण आवाज एकच असतो. बैठकीचं नाव काढलं की ताई हसतात. पाच जण एकदम बोलतात आणि सहावा रेकॉर्डिंगच्या मोबाइलजवळ चहाचे कप ठेवतो.

(दृश्य: जुनी कॅसेट. लेबलवरची शाई उडालेली.)

आज कानात आहे ती एका गिरणी कामगाराची मुलाखत. पंचवीस वर्षांपूर्वी लालबागच्या एका खोलीत कॅसेटवर घेतलेली, नंतर संगणकावर उतरवलेली. लांबी 47 मिनिटं. बोलणारे आजोबा मूळचे साताऱ्याकडचे. ते आता नाहीत.

ताई पहिल्यांदा काहीच टाइप करत नाहीत. पूर्ण 47 मिनिटं नुसतं ऐकतात आणि कागदावर फक्त नावं नि अनोळखी शब्द लिहितात: साचा, कांडी, जॉबर, त्रासन.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं ‘त्रासन’, त्याभोवती गोल.)

त्रासन म्हणजे सूतकताईचं खातं. हा गिरणीतला शब्द. गिरणी न पाहिलेल्याला तो ‘त्रास’ असा ऐकू येतो आणि वाक्य बसतंही: ‘मी त्रासात होतो’. म्हणून ही यादी आधी संशोधकाकडे जाते, टायपिंग नंतर. दोन माणसांच्या मुलाखतीचा एक तास कागदावर यायला चार-पाच तास लागतात, आवाज खराब असेल तर जास्त. या कॅसेटीला दोन दिवस लागलेत.

(दृश्य: पडदा. वर आवाजाची निळी रेघ, खाली मजकूर.)

चौदाव्या मिनिटाला आजोबा बोलतात ते असं:

‘म्हंजे मी, मी, काय म्हन्तात, मी बदली व्हतो ना. धा वर्सं बदली. गेटवर जायाचं, नंबर आला तर काम, न्हाय तर माघारी.’

एका नवशिक्या मुलानं हे आधी असं लिहिलं होतं: ‘माझी बदली झाली होती. दहा वर्षांनी पुन्हा बदली झाली.’ मराठी शुद्ध आणि वाक्यं दोन्ही स्वच्छ, पण माणूसच बदलला. ‘बदली’ म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतला जाणारा. गेटवर उभं राहायचं, आपल्याला बोलावतात का ते बघायचं. आजोबांनी दहा वर्षं तेच केलं. मुलाच्या मजकुरात त्यांची एका जागेहून दुसऱ्या जागी रवानगी झाली.

गेटचं चित्रण आमच्याकडे नाही. ताईंनी लिहिलेलं वाक्य आहे:

‘म्हंजे मी बदली व्हतो ना. धा वर्सं बदली. गेटवर जायाचं, नंबर आला तर काम, न्हाय तर माघारी.’

गेले ते दोन जादा ‘मी’ आणि ‘काय म्हन्तात’. शब्द शोधताना माणूस असं करतोच, ते ठेवलं तर वाचणारा अडखळतो. राहिलं ते ‘व्हतो’, ‘धा’, ‘माघारी’. या व्यवसायात ‘स्वच्छ मजकूर’ म्हणतात तो एवढाच. अडखळणं पुसायचं, बोली नाही. ‘व्हतो’चं ‘होतो’ करून मागणारे ग्राहकही असतात आणि पैसे त्यांचेच असतात. ताई त्यांना करून देतात, पण मूळ बोलीतली प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतात. आम्हाला विचाराल तर तीच खरी.

‘मी बदली व्हतो ना’मधला ‘ना’ ताईंनी मुद्दाम ठेवलाय. तो पुढे लागणार आहे.

(दृश्य: ताई डोळे मिटून ऐकतायत. बोट थांबलेलं.)

एकतिसावं मिनिट. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपाचा विषय आहे. मुलाखत घेणारी विचारते, ‘मग त्या काळात तुम्ही कामावर गेलात?’ आजोबा उत्तर देतात आणि त्याच क्षणी शेजारी कुकरची शिट्टी होते.

‘गेलो ना’ किंवा ‘गेलो न्हाय’.

एकाचा अर्थ गेलो, अर्थातच गेलो. दुसऱ्याचा अर्थ गेलो नाही. फरक शेवटच्या ‘य’चा, आणि नेमका तोच शिट्टीखाली गेलाय.

ताई वेग पाऊण करतात. मग निम्मा. निम्म्यावर आवाज रबरासारखा ताणला जातो आणि उलट जास्त कळेनासा होतो, म्हणून परत पाऊण. मग त्या चौदाव्या मिनिटाकडे जातात.

(दृश्य: निळ्या रेघेवरचे दोन तुकडे, एकाखाली एक.)

वर आहे ‘व्हतो ना’. खाली एकतिसाव्या मिनिटातला तुकडा. आजोबांचा ‘ना’ आखूड असतो आणि लगेच पुढचा शब्द येतो. त्यांचा ‘न्हाय’ लांबतो, नंतर क्षणभर थांबतात. ताईंनी टेपमधले सगळे ‘न्हाय’ ऐकले, सगळे तसेच. आता शिट्टीनंतर थांबलेत का? थोडं थांबल्यासारखं वाटतं. पण ते शिट्टीमुळेही असेल, शिट्टी झाली की आपण सगळेच थांबतो. पुढचं वाक्य आहे, ‘मंग घरात खानार काय?’ हे त्यांचं आहे की खोलीतल्या दुसऱ्या बाईचं, तेही नीट कळत नाही. कामावर गेलेला माणूस असं म्हणेल, आणि न गेलेल्याला त्याच्या घरचेही असंच विचारतील.

ताई टाइप करतात:

‘[अस्पष्ट: गेलो ना / गेलो न्हाय, 00:31:08]’

एवढंच. दोन्ही शक्यता, टेपवरची नेमकी वेळ, आणि निवड संशोधकाची. चौकोनी कंसात जे असतं ते लिहिणाऱ्याचं, बोलणाऱ्याचं नाही. चूक झाली तर संप पाळलेला माणूस छापील लेखात संपफोड्या ठरतो.

(दृश्य: ताई कान चोळतात, हेडफोन परत लावतात.)

दुसरी फेरी मजकूर समोर ठेवून पूर्ण आवाज ऐकण्याची. तिसरी आवाज बंद करून नुसतं वाचण्याची. तिसरीत आकडे सापडतात. ‘साठ’चा ‘ठ’ कॅसेटवर विरतो आणि ‘सात’ वाटतो. आजोबांनी एका ठिकाणी खोलीत ‘सात’ माणसं राहत म्हटलंय की ‘साठ’? वाचताना ताईंना खटकलं, परत ऐकलं. सात. पण दुसऱ्या एका मुलाखतीत असंच खटकलं होतं आणि ते साठ निघालं. खानावळ होती ती.

(दृश्य: आवाजाची रेघ सपाट. काळ पुढे सरकतोय, रेघ तशीच.)

अडतिसावं मिनिट. गिरणी बंद झाल्यानंतरचं विचारलंय. कॅसेट फिरतेय, कुणी बोलत नाही. लहान विराम ताई लिहीत नाहीत. हा 11 सेकंदांचा आहे.

(दृश्य: पेडलवरचं पाऊल. उचललेलं नाही.)

‘[शांतता, 11 सेकंद]’

मग आजोबा चहा घ्या म्हणतात. ताई तेही लिहितात.

(दृश्य: तयार मजकुराचं शेवटचं पान. खाली पेन्सिलीनं: ‘31:08, घरच्यांना विचारावे.’)